फोटोतल्या चौदा पानांचे आठ स्लाइड

मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात संशोधनपद्धती शिकवते. 24 मार्चला, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाला, आमच्याकडे विद्यार्थिनींसाठी छोटी छोटी सादरीकरणं असतात, प्रत्येकाला दहा मिनिटं. यंदा मी 1948 सालचा एक लेख घ्यायचं ठरवलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या 30 ऑक्टोबर 1948 च्या अंकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितीने फुफ्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन किती उपयोगी पडतं, याचा अहवाल छापला होता. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे चिठ्ठ्यांवर सोपवून केलेल्या चाचणीचा नमुना म्हणून हा अहवाल आजही शिकवला जातो. माझ्या मुलींना 'रँडमायझेशन' या शब्दाची व्याख्या पाठ असते, पण प्रत्यक्षात ते कुणी, कोणत्या टेबलावर, कोणत्या कागदाने केलं, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ते दाखवायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

लेख माझ्याकडे आला तो फोटोंच्या रूपात. एका सहकारी मॅडमनी जुन्या बांधीव खंडातून त्याची पानं मोबाइलवर टिपली होती. हा लेख पबमेड सेंट्रलवर मोफत मिळतो, हे मला माहीत होतं. पण तिथेही ती छापील पानांची स्कॅन केलेली चित्रंच आहेत. शिवाय आमच्या कामात निम्मं जुनं साहित्य असंच येतं, कुणीतरी ग्रंथालयात उभ्याउभ्या काढलेले फोटो म्हणून. त्यामुळे फोटोंवरूनच काम करायचं आणि शंकेच्या जागा शेवटी स्कॅनवर पडताळायच्या, असं ठरवलं.

पहिलं काम वाचनाचं नव्हतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबून लहान केलं जातं. मजकूर वाचता येतो, पण तक्त्यातले 3 आणि 8, 5 आणि 6 एकमेकांत मिसळतात. म्हणून मॅडमना मेसेज केला, "हेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून परत पाठवाल का?" तसं पाठवलं की फाइल मूळ आकारात येते. फरक ताबडतोब दिसला. आधी तक्ता मोठा करून पाहिला की आकड्यांच्या कडा विरघळायच्या, आता छपाईचा दाब कुठे कमी पडलाय तेही कळत होतं.

मग क्रम. हा लेख अंकाच्या 769 ते 782 या पानांवर आहे, म्हणजे चौदा पानं. पण फोटो कोणत्या क्रमाने काढले गेले आणि कोणत्या क्रमाने माझ्याकडे उतरले, यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. मी प्रत्येक फाइलला छापील पानाचा आकडा दिला, `bmj1948_770.jpg` असा. मग एका पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ एका दमात वाचत गेले. वाक्य नीट जुळलं की पुढे. हे कंटाळवाणं वाटतं, पण हरवलेलं पान शोधायची याहून खात्रीची रीत मला माहीत नाही. एके ठिकाणी वाक्य अधांतरी लटकलं आणि कळलं, की एका पानाचे दोन फोटो आलेत आणि त्याच्या पुढच्या पानाचा एकही नाही. फाइली मोजून चौदा भरत होत्या, त्यामुळे नुसत्या मोजणीने हे लक्षातच आलं नसतं. मॅडमच्या मोबाइलमध्ये ते पान होतं, ते आलं आणि साखळी पूर्ण झाली.

मजकूर टाइप करायला वेळ नव्हता, म्हणून फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडले. तसं केलं की चित्रातली अक्षरं मजकूर होऊन येतात. पण त्या काळच्या या जर्नलचं पान दोन स्तंभांचं. पान किंचित तिरकं आलं असेल, किंवा शिवणीकडे वळलं असेल, तर डाव्या स्तंभाची ओळ संपली की उजव्या स्तंभाची ओळ तिला चिकटून येते. वाईट गोष्ट अशी, की असं जोडवाक्य कधीकधी इंग्रजी म्हणून बरोबर वाटतं. रुग्णांच्या निवडीबद्दलचं अर्धं वाक्य आणि औषधाच्या मात्रेबद्दलचं अर्धं वाक्य मिळून तिसराच अर्थ तयार होतो. उपाय साधा आहे. प्रत्येक पान मधोमध कापून दोन चित्रं केली, `bmj1948_770_L.jpg` आणि `bmj1948_770_R.jpg`. एका वेळी एकच स्तंभ दिला की ओळी सरळ येतात. तक्ते मात्र या मार्गाने मी नेलेच नाहीत. तक्त्यातला आकडा कोणत्या रकान्यातला, हे मजकुरात उतरताना हमखास बिघडतं, म्हणून तक्ते डोळ्यांनी वाचून हाताने वहीत उतरवले.

छापून घेतलेल्या पानांवर पेन्सिलीने खुणा करत वाचायची मला सवय आहे. सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले तर ते फोटो पाहूनच म्हणाले, "मॅडम, शिवणीची सावली आहे ना, ती ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळी काळी होईल. आधी ब्राइटनेस वाढवतो, मग ग्रेस्केलमध्ये काढू." त्यांनी एक पान दोन्ही प्रकारे काढून दाखवलं. पहिल्यात शिवणीलगतची तीन-चार अक्षरं शाईत बुडाली होती. दुसऱ्यात फिकी होती, पण होती.

आता खरा गाभा, तो निकालाचा तक्ता. सहा महिन्यांच्या शेवटी रुग्णांच्या छातीचा एक्स-रे सुरुवातीच्या एक्स-रेशी ताडून पाहिला आणि रुग्णांची सहा प्रकारांत विभागणी केली: लक्षणीय सुधारणा, मध्यम किंवा थोडी सुधारणा, विशेष बदल नाही, मध्यम किंवा थोडी घसरण, लक्षणीय घसरण आणि मृत्यू. एका बाजूला स्ट्रेप्टोमायसिन मिळालेले 55 रुग्ण, दुसऱ्या बाजूला फक्त अंथरुणावर विश्रांती दिलेले 52. त्या काळी विश्रांती हाच अशा रुग्णांचा नेहमीचा उपचार होता. तक्ता शिवणीकडे वळलेल्या भागात आल्याने दुसऱ्या गटाचे आकडे दबले होते. पहिल्या गटाचे आकडे मी उतरवले: 28, 10, 2, 5, 6, 4. बेरीज 55, बरोबर. दुसऱ्या गटाचे 4, 13, 3, 12, मग एक आकडा जो 6 असेल किंवा 8, आणि शेवटी 14.

इथे फोटो मोठा करत बसण्यात अर्थ नसतो. तक्ताच उत्तर देतो. पाच आकड्यांची बेरीज 46, एकूण 52, म्हणजे उरले 6. दुसरा पुरावा टक्क्यांचा. 52 पैकी 14 म्हणजे 26.9, छापलेत 27. 52 पैकी 4 म्हणजे 7.7, छापलेत 8. एकेक टक्का असा परत काढून छापलेल्या आकड्याशी लावला, की चुकून भलताच आकडा वाचला गेला असेल तर तो लगेच उघडा पडतो. एके ठिकाणी मात्र अडले. 52 पैकी 6 म्हणजे 11.5, पूर्णांकात 12 यायला हवेत, आणि छापलेत 11. वाचनात चूक म्हणावी, तर बेरजेने 6 पक्के झालेले. मग टक्क्यांची बेरीज करून पाहिली: 8, 25, 6, 23, 11 आणि 27 मिळून बरोबर 100 होतात. 12 घेतले असते तर 101 झाले असते. म्हणजे फोटो बरोबर वाचला होता, छापील आकडाच तसा आहे. नंतर स्कॅनवर ही ओळ पाहिली, तिथेही 11 च. अशा वेळी स्लाइडवर छापील आकडाच ठेवायचा आणि टिपणात एक ओळ लिहून ठेवायची, असं माझं मत आहे. आपण गुपचूप दुरुस्त केलेला आकडा मूळ लेख उघडणाऱ्याला चुकीचाच दिसणार.

इतकं झाल्यावर आराखड्याला बसले. पहिला मोह असतो तो लेखाच्या शीर्षकांचेच स्लाइड करण्याचा: प्रस्तावना, पद्धत, निकाल, चर्चा. मी तो टाळला, कारण लेख ज्या क्रमाने लिहिला जातो त्या क्रमाने ऐकणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पहिला प्रश्न पडतो तो हा, की औषध असताना निम्म्या रुग्णांना ते दिलं का नाही? याचं उत्तर लेखात आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये हे औषध फारच थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच, आणि म्हणून काटेकोर तुलना करणं समितीला योग्य वाटलं. हे उत्तर मिळेपर्यंत मुली पुढचं काही ऐकणार नाहीत, म्हणून ते दुसऱ्याच स्लाइडवर आणलं.

आराखडा वर्डमध्ये लिहिला. प्रत्येक स्लाइडसाठी तीन गोष्टी: एक पूर्ण वाक्य, जे शीर्षक होईल. त्याखाली फार तर दोन ओळी किंवा एक चित्र. आणि त्याखाली बोलायचं टिपण. शीर्षकाला पूर्ण वाक्य हवं, याबद्दल मी आग्रही आहे. 'निकाल' असं लिहिलं की बोलणाऱ्यालाही आपण इथे काय सांगणार हे ठरवावं लागत नाही. 'सहा महिन्यांत औषध गटात 4, विश्रांती गटात 14 मृत्यू' असं लिहायचं तर ते ठरवावंच लागतं.

आठ स्लाइड झाले. पहिल्यावर लेखाचं नाव, साल आणि कुणाचं काम. दुसऱ्यावर औषधाचा तुटवडा. तिसऱ्यावर कोणते रुग्ण घेतले: दोन्ही फुफ्फुसांत वेगाने वाढणारा, अलीकडेच झालेला, जंतूंच्या तपासणीत सिद्ध झालेला क्षय, आणि फुफ्फुस दाबून विश्रांती देण्याच्या तेव्हाच्या उपचाराला न बसणारा. चौथा पाकिटांचा. पाचवा एक्स-रे वाचणाऱ्यांचा: दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक डॉक्टर, तिघांनी वेगवेगळं वाचलं आणि रुग्ण कोणत्या गटातला हे कुणालाच माहीत नव्हतं. सहावा निकालाचा. सातवा जंतू औषधाला दाद देईनासे झाल्याचा. आठवा या चाचणीच्या मर्यादांचा.

चौथ्या स्लाइडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण माझ्या मते लेखाचं सगळं बळ तिथे आहे. त्याआधी अनेक ठिकाणी एकाआड एक रुग्णाला औषध देण्याची पद्धत होती. त्यात अडचण अशी, की पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच कळतं, आणि कळलं की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला थांबवायचं, यावर नकळत त्याचा परिणाम होतो. स्लाइडवर मी फक्त एका पाकिटाचं रेखाचित्र ठेवलं, वर रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक लिहिलेलं. बाकी सगळं टिपणात. ते जसं लिहिलं तसंच देते:

"हे पाकीट बघा. बाहेर दोनच गोष्टी लिहिल्या आहेत, रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. आत एक कार्ड आहे, त्यावर S किंवा C. S म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, C म्हणजे कंट्रोल. कोणत्या पाकिटात काय, हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांवरून ठरवलं होतं, प्रत्येक केंद्रासाठी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळं. (थांबणे.) आता क्रम लक्षात घ्या. आधी समितीने रुग्ण चाचणीत घ्यायचा की नाही ते ठरवलं. मग मध्यवर्ती कार्यालयात त्या क्रमांकाचं पाकीट उघडलं. रुग्ण निवडताना पुढे काय निघणार हे तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पाकीट आधी उघडलं असतं तर काय झालं असतं? (मुलींना विचारणे. उत्तर आलं नाही तर: अशक्त रुग्ण औषधाकडे वळवावासा वाटला असता.) पान 770."

टिपण असंच असावं, असं मला अनुभवाने वाटतं. त्यात बोलायची वाक्यं बोलतो तशीच असावीत, पुस्तकी नकोत, कारण घाईत नजर टाकली की तीच तोंडात येतात. थांबायच्या जागा कंसात. शेवटी पानाचा आकडा, कारण 'हे कुठे लिहिलंय?' असं कुणी विचारलं तर चौदा पानं चाळत उभं राहता येत नाही. पानाचा आकडा आधीच फाइलच्या नावात असल्याने हे काम आपोआप सोपं झालं.

सहाव्या स्लाइडवर निवड करावी लागली. सहा ओळींचा तक्ता मागच्या बाकावरून वाचता येत नाही. फोटो कापून चिकटवणं तर नकोच, वळलेल्या पानातल्या ओळी पडद्यावर आणखी वाकड्या दिसतात. मी दोनच जोड्या मोठ्या अक्षरांत घेतल्या. लक्षणीय सुधारणा: 55 पैकी 28, 52 पैकी 4. मृत्यू: 55 पैकी 4, 52 पैकी 14. कंसात टक्के, 51 आणि 8, 7 आणि 27. टिपणात तीन सूचना स्वतःलाच लिहिल्या. एक, 'बरे झाले' म्हणायचं नाही. ही एक्स-रेतली सुधारणा आहे, रोग गेला असं लेख म्हणत नाही. दोन, मृत्यूंमधला फरक योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, असं लेखात दिलं आहे, तेवढंच सांगायचं, गणितात शिरायचं नाही. तीन, पूर्ण तक्ता शेवटी राखीव स्लाइडवर आहे.

हा राखीव स्लाइड कसा आला ते सांगते. आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमना समोर बसवून मी पूर्ण सराव केला. सहाव्या स्लाइडला त्यांनी थांबवलं. "55 पैकी 28 सुधारले. मग उरलेल्या 27 जणींचं काय?"

"27 जणांचं, मॅडम. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते."

"तेच ते. पण तुम्ही आत्ता मृत्यूचे 27 टक्के म्हणालात, मग हे 27 वेगळे का?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. दोन 27 योगायोगाने शेजारी आले होते. एक औषध गटातल्या, लक्षणीय सुधारणा न झालेल्या रुग्णांची संख्या, दुसरा विश्रांती गटातल्या मृत्यूंची टक्केवारी. वाचणाऱ्याला दोन्ही वेगळे दिसतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात एकच आकडा राहतो. म्हणून मी बोलण्यातून मृत्यूचे टक्के काढले. तोंडाने 'बावन्नपैकी चौदा' एवढंच म्हणायचं, टक्के पडद्यावर दिसतातच. आणि उरलेल्या 27 रुग्णांसाठी सहाही ओळींचा तक्ता आठव्या स्लाइडनंतर ठेवला, विचारलं तरच उघडायचा.

सातव्या स्लाइडला मात्र मी कात्री लावू दिली नाही. वेळ जास्त होत होता, माझ्या बोलण्याच्या गतीने दहा मिनिटांत हजार-अकराशे शब्दांपलीकडे जाता येत नाही आणि टिपणं त्याहून लांब झाली होती. मॅडम म्हणाल्या, "औषध चाललं, इथेच संपव ना, छान शेवट आहे." पण लेख तिथे संपत नाही. औषध गटातली सुधारणा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतली होती. पुढे बऱ्याच रुग्णांमध्ये जंतू औषधाला दाद देईनासे झाले आणि काहींची प्रकृती पुन्हा घसरली. स्ट्रेप्टोमायसिन एकटं पुरणार नाही, हे याच लेखात दिसतं, आणि ज्या मुली उद्या वॉर्डात क्षयरुग्णाला एकापेक्षा जास्त गोळ्या का, हे समजावणार आहेत, त्यांनी हे ऐकलंच पाहिजे. त्यामुळे काटलं ते तिसऱ्या स्लाइडवरचं. वयाची अट, ती पुढे थोडी वाढवली गेली तो तपशील, रुग्णालयांची माहिती, हे सगळं बोलण्यातून काढून टिपणाच्या तळाशी 'विचारलं तर' या मथळ्याखाली ठेवलं. औषधाची मात्राही तिथेच गेली: दिवसाला 2 ग्रॅम, दर सहा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं, साधारण चार महिने.

आठव्या स्लाइडसाठी मात्र हीच मात्रा पुन्हा उपयोगी पडली. कंट्रोल गटाला खोटी इंजेक्शनं दिली नव्हती. चार महिने रोज चार सुया कशासाठी टोचायच्या, हा साधा विचार समोर ठेवला की मुलींना कारण लगेच पटतं. त्यामुळे वॉर्डातल्या लोकांना कुणाला औषध चालू आहे हे दिसत होतं, आणि म्हणूनच एक्स-रे वाचणाऱ्यांपासून ते लपवणं महत्त्वाचं होतं. हे लिहिताना पाचवा आणि आठवा स्लाइड एकमेकांना जोडले गेले, आणि मी दोन्ही टिपणांत एकमेकांचा क्रमांक घातला. कंट्रोल गटातल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलं नव्हतं, हेही इथेच. आज असं करता येणार नाही, एवढं एक वाक्य टिपणात ठेवलं, त्यावर भाषण नको.

वर्डमधला आराखडा पॉवरपॉइंटमध्ये नेताना एक सोय आहे. स्लाइडच्या शीर्षकांना `Heading 1` आणि खालच्या ओळींना `Heading 2` अशी शैली दिली की पॉवरपॉइंटमध्ये `New Slide` खालच्या `Slides from Outline` ने सगळे स्लाइड एकदम तयार होतात. पण साधा मजकूर त्यातून येत नाही, म्हणजे टिपणं राहून जातात. ती एकेक करून स्लाइडखालच्या नोट्सच्या चौकटीत चिकटवावी लागतात. चिकटवताना मी प्रत्येक टिपणाच्या पहिल्या ओळीत त्या स्लाइडचं शीर्षकही परत घातलं, कारण नंतर कुणी स्लाइड मागेपुढे केले तरी टिपण कुणाचं ते कळावं. आमच्या हॉलमधल्या जुन्या प्रोजेक्टरवर दोन पडद्यांची सोय भरवशाची नाही, म्हणून टिपणांची छापील प्रतही बरोबर ठेवली, प्रत्येक स्लाइड स्वतंत्र कागदावर.

कार्यक्रमाच्या दिवशी पाकिटाच्या स्लाइडला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पाकीट आधी उघडलं असतं तर काय, या प्रश्नावर मुली आपसातच वाद घालायला लागल्या, आणि मी तो चालू दिला, कारण त्यासाठीच तर तो स्लाइड होता. मर्यादांचा स्लाइड थोडक्यात आटोपला.

प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने राखीव तक्ता मागून घेतला. तो पडद्यावर आल्यावर तिने लक्षणीय घसरणीच्या ओळीकडे बोट दाखवलं. "मॅडम, इथे दोन्ही गटांत 6 आणि 6 आहेत. टक्केही 11 आणि 11. म्हणजे ज्यांची तब्येत जास्त बिघडली त्यांच्या बाबतीत औषधाने काहीच फरक पडला नाही?"

हा प्रश्न टिपणात नव्हता. मी तिला खालची ओळ वाचायला सांगितली. मृत्यू 4 आणि 14. विश्रांती गटात ज्यांची प्रकृती सगळ्यात जास्त बिघडली त्यांतले बरेच सहा महिने पूर्ण होण्याआधीच त्या शेवटच्या ओळीत गेले होते, म्हणून वरच्या ओळीत मोजायला उरले ते सहाच. दोन्ही ओळी एकत्र घेतल्या तर औषध गटात 55 पैकी 10 आणि विश्रांती गटात 52 पैकी 20 होतात. तिने वहीत बेरीज करून पाहिली आणि शेजारच्या मुलीला दाखवली. संध्याकाळी राखीव स्लाइडच्या टिपणात मी तिचा प्रश्न घातला, त्याखाली 10 आणि 20 ची बेरीज, आणि त्याच्याखाली 11 टक्क्यांच्या छपाईची ती ओळ, कारण त्या ओळीवर बोट ठेवणारा पुढचा माणूस ते 11 नक्कीच तपासून पाहणार.